‘पाऊस आला तर’ आणि एका कंटेनरचा घोळ : एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

नाशिकमध्ये गंगापूर रोडला मी नोकरदारांसाठी इंग्रजीचे वर्ग घेते. माझ्याकडे येणारे बहुतेक जण बँक, औषध कंपनी नाहीतर निर्यातीच्या कामातले असतात. त्यांना साहित्य नको असतं, मेल लिहायचे असतात. हे प्रकरण त्यातल्याच एका ताईचं आहे. ती पिंपळगाव बसवंतजवळच्या एका द्राक्ष पॅकहाऊसमध्ये कागदपत्रं आणि परदेशी मेल सांभाळते. ओळख पटू नये म्हणून गाव सोडून बाकीचे तपशील थोडे बदलले आहेत आणि माणसांची नावं घेतलेली नाहीत. पॅकहाऊसच्या मालकांना सगळे नाना म्हणतात, मीही तेच म्हणेन.

ताईचं इंग्रजी चांगलं आहे, हे आधी सांगायला हवं. वाणिज्य शाखेची पदवी, चार वर्षांचा अनुभव, शुद्धलेखनाच्या चुका जवळजवळ नाहीत. घोळ झाला तो मेल मी नंतर वाचला. व्याकरणात त्याला नाव ठेवण्यासारखं काही नव्हतं. म्हणूनच हे प्रकरण लिहावंसं वाटलं.

मार्चचा महिना होता. इंग्लंडमधल्या एका आयातदाराची एका रिफर, म्हणजे शीत कंटेनरची ऑर्डर होती: थॉमसन जातीची द्राक्षं, मण्याचा आकार १८ मिलिमीटर आणि वर. माल निफाड तालुक्यातल्या एका प्लॉटवरून निघणार होता. काढणी शुक्रवारी ठरली होती आणि हवामान खात्याने गुरुवारी-शुक्रवारी अवकाळी पावसाची शक्यता सांगितली होती.

पक्व द्राक्षावर पाऊस पडला की काय होतं ते नाशिककरांना सांगायला नको, बाकीच्यांसाठी दोन ओळी. मण्यात साखर भरलेली असते आणि साल ताणलेली असते. पाणी मुळातूनही चढतं आणि सालीतूनही आत जातं, आणि मणी तडकतो. एक तडकलेला मणी पेटीत गेला तर त्याचा रस शेजारच्या मण्यांवर उतरतो, तिथे बुरशी धरते आणि जहाजातला तीन-चार आठवड्यांचा प्रवास त्या पेटीला झेपत नाही. त्यामुळे पावसानंतर तो प्लॉट निर्यातीतून तात्पुरता बाद समजायचा.

नानांकडे पर्याय होता. दिंडोरी तालुक्यात त्यांचा दुसरा एक प्लॉट प्लास्टिक आच्छादनाखाली होता. निर्यातीसाठी त्याचीही नोंदणी झालेली होती आणि कीडनाशक अंशाचा अहवालही स्वच्छ आलेला होता. अडचण एकच: तिथला मणी १६ मिलिमीटरचा होता. खायला तोच गोडवा, पण बाजारात त्याचा भाव वेगळा आणि गिऱ्हाईक वेगळं.

नेमकं काय झालं

सोमवारी नानांनी ताईला सांगितलं, “त्यांना विचारून घे. समजा गुरुवारी पाऊस आला आणि आपण दुसऱ्या प्लॉटवरून माल काढला, तर चालेल का?”

ताईने तेच लिहिलं. इंग्रजी वाक्य देवनागरीत द्यायचं तर असं: “सपोज इट रेन्ड ऑन थर्सडे अँड वी कट फ्रॉम द सेकंड प्लॉट, विथ स्मॉलर बेरीज. वुड दॅट बी ऑल राइट?”

मंगळवारी उत्तर आलं: “दॅट वुड बी अ शेम, बट आय अ‍ॅम शुअर वी वुड मॅनेज. फिंगर्स क्रॉस्ड.”

ताईने नानांना सांगितलं, “ते म्हणतात, वाईट वाटेल पण मॅनेज करू.” नाना म्हणाले, “मग झालं तर.”

गुरुवारी संध्याकाळी पाऊस आला. निफाडच्या प्लॉटवर मणी तडकले. शुक्रवारी आणि शनिवारी दिंडोरीहून काढणी झाली, माल प्रीकूलिंग होऊन कंटेनरमध्ये गेला आणि रविवारी कंटेनर न्हावाशेव्याच्या वाटेला लागला. जहाज सुटल्यावर ताईने नेहमीप्रमाणे पॅकिंग लिस्ट पाठवली. तीत १६ मिलिमीटर असं स्पष्ट लिहिलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी आयातदाराचा फोन आला. तो चिडला नव्हता, चक्रावला होता. तुम्ही आकार बदललात आणि मला कळवलं नाहीत, असं त्याचं म्हणणं. ताईने सोमवारचा मेल पुढे पाठवला. त्यावर त्याने लिहिलं की तो मेल मी वाचला होता, पण तुम्ही सहज मनात आलेली शंका विचारताय असं मला वाटलं. पाऊस येणारच आहे आणि तुम्ही प्लॉट बदलणारच आहात असं वाटलं असतं, तर मी तेव्हाच नाही म्हटलं असतं. त्याने तो माल एका मोठ्या दुकानसाखळीला मोठ्या मण्याचा म्हणून कबूल केला होता.

नाना माझ्याकडे आले ते तक्रार घेऊनच. “मॅडम, पोरीने तर बरोबर विचारलं. त्याने हो म्हटलं. आता म्हणतो मी हो म्हटलंच नाही.”

गाठ कुठे होती

मी आधी नानांचं मराठी वाक्य फळ्यावर लिहिलं आणि क्रियापदाखाली रेघ मारली. पाऊस *आला*. माल *काढला*. दोन्ही रूपं भूतकाळाची, आणि वाक्य आहे येत्या गुरुवारचं.

मराठीत हे इतकं सवयीचं आहे की आपल्याला ते दिसतच नाही. उद्या पाहुणे आले तर, गाडी चुकली तर, तो नाही म्हणाला तर. खरोखर घडू शकणाऱ्या, उद्याच्या गोष्टीसाठी आपण भूतकाळाचं रूप वापरतो. त्यात ‘हे घडणार नाही’ अशी छटा अजिबात नसते. नाना स्वतः दर दोन दिवसांनी म्हणतात, “उद्या मी गेलो तर हा धंदा कोण बघणार?” आणि ते अगदी मनापासून विचारत असतात.

इंग्रजीत सपोज, सपोझिंग आणि व्हॉट इफ यांच्यामागे भूतकाळाचं रूप आलं आणि बोलणं उद्याचं असलं, तर त्या रूपाचा काळाशी संबंध उरत नाही. ते अंतर दाखवतं. बोलणारा त्या गोष्टीपासून दोन पावलं मागे उभा असतो: हे कल्पनेतलं आहे, किंवा होईल असं मला फारसं वाटत नाही, किंवा मी नुसतं सुचवून बघतोय. वर्तमानकाळाचं रूप आलं तर तीच गोष्ट जवळ येते. “व्हॉट इफ इट रेन्स ऑन थर्सडे” म्हणणारा माणूस आकाशाकडे बघत असतो. “व्हॉट इफ इट रेन्ड ऑन थर्सडे” म्हणणारा खुर्चीत मागे रेलून विचार करत असतो. दोन्ही वाक्यं शुद्ध आहेत आणि दोन्ही येत्या गुरुवारचीच आहेत.

म्हणून संगणकाने त्या मेलखाली लाल रेघ काढली नाही. मी स्वतः तपासला असता तरी कदाचित काढली नसती.

ताईच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडली, आणि मला ती जास्त बोचली, कारण तिचा दोष आमच्यासारख्या शिकवणाऱ्यांकडे जातो. नानांच्या वाक्यात शेवटी ‘चालेल का’ होतं, साधा भविष्यकाळ. ताईच्या डोक्यात शाळेतला नियम पक्का होता: आधी भूतकाळ आला की पुढे ‘वुड’. तिने नियम पाळला आणि वाक्य पूर्णपणे कल्पनेच्या घरात गेलं. आयातदारानेही सभ्यपणे त्याच घरातून उत्तर दिलं, दोनदा ‘वुड’ वापरून. म्हणजे, तसं झालं असतं तर वाईट वाटलं असतं, पण निभावून नेलं असतं. ताईने ते वाचलं ‘निभावून नेऊ’ असं. त्याने कल्पनेला कल्पनेने उत्तर दिलं आणि इकडे ती परवानगी समजली गेली.

पुढे ताईने एक चांगला प्रश्न विचारला. “मग मराठीत कल्पनेतलं कसं ओळखायचं? आपणही कल्पना करतोच ना?” करतो. त्यासाठी आपल्याकडे ‘असता, असती, असते’ आहे. ‘माझ्याकडे कोल्ड स्टोरेज असतं तर’ म्हणजे आत्ता नाही. ‘पाऊस आला असता तर’ म्हणजे आला नाही, सुटलो. मराठी माणूस खऱ्या-खोट्यातली सीमा काळावर आखत नाही, या ‘असता’वर आखतो. इंग्रजीत ती सीमा एक पायरी मागे सरकून आखतात.

फळ्यावर मग जोड्या अशा उभ्या राहिल्या. ‘पाऊस आला तर’ याला वर्तमान रूप: व्हॉट इफ इट रेन्स. ‘माझ्याकडे कोल्ड स्टोरेज असतं तर’ याला भूत रूप: सपोज आय हॅड अ कोल्ड स्टोअर. ‘पाऊस आला असता तर’ याला आणखी एक पाऊल मागे: व्हॉट इफ इट हॅड रेन्ड. म्हणजे मराठीतल्या भूतकाळाला इंग्रजीत वर्तमान, आणि मराठीतल्या ‘असता’ला इंग्रजीत भूत. शब्दाला शब्द लावणारा माणूस पहिल्याच ओळीत घसरतो.

कोणते पर्याय होते

नानांना झटपट उपाय हवा होता. त्यांचं म्हणणं, हे तीन शब्दच बंद करून टाका. सपोज नको, व्हॉट इफ नको, सरळ ‘इफ’ लिहा. मला ते पटलं नाही, कारण दुखणं त्या शब्दात नाही. “इफ इट रेन्ड” लिहिलं असतं तरी तोच घोळ झाला असता. शिवाय समोरचा हे शब्द वापरणारच, ते वाचता यायला हवेत.

दुसरा पर्याय पुस्तकी होता: वर्तमान म्हणजे खरं, भूत म्हणजे कल्पना, एवढा एक नियम पाठ करून घ्यायचा. तो सोपा आहे आणि नव्वद टक्के वेळा चालतो असं मला तेव्हा वाटलं होतं. तिसरा पर्याय वेळखाऊ होता: ताईने लिहिण्याआधी मराठी वाक्य मनात म्हणायचं, त्याची शेपटी बघायची आणि मग रूप निवडायचं.

मी दुसरा निवडला. हंगाम चालू होता, रोज चार-पाच मेल जात होते, आणि ताईला रात्री आठनंतरच वेळ मिळत होता. माझा हा निर्णय चुकीचा ठरला. ते पुढे येईलच.

व्याकरणाबाहेरचा एक पर्यायही चर्चेला आला, आणि खरं तर तोच सर्वांत महत्त्वाचा होता: अशा वेळी प्रश्न विचारूच नये, आधी माहिती द्यावी. सोमवारच्या मेलमध्ये हवामान खात्याच्या अंदाजाचा उल्लेखच नव्हता. निफाडमध्ये अंदाज सगळ्यांना माहीत होता, त्यामुळे तो सांगावा असं कुणाला सुचलं नाही. आयातदाराच्या खिडकीबाहेर तो दिसत नव्हता. त्याच्यापुढे फक्त ‘रेन्ड’ हे रूप होतं आणि त्यावरून त्याला शक्यता किती आहे ते ठरवायचं होतं. ही गोष्ट आधी बोलल्याशिवाय सगळा दोष एका क्रियापदावर टाकणं मला प्रामाणिक वाटत नाही.

काय केलं

सोमवारचा मेल आम्ही पुन्हा लिहिला, सराव म्हणून. मराठी अर्थ असा: गुरुवारी आणि शुक्रवारी पावसाचा अंदाज आहे. पाऊस आला तर आम्ही दुसऱ्या प्लॉटवरून माल काढणार आहोत. तिथला मणी १६ मिलिमीटर आहे, ऑर्डर १८ ची आहे. हे तुम्हाला मान्य आहे का? कृपया बुधवार दुपारपर्यंत हो किंवा नाही कळवा. इंग्रजीत यातलं एकही रूप मागे सरकत नाही. “इफ इट रेन्स, वी विल कट.” हा मेल वाचून कुणी ‘फिंगर्स क्रॉस्ड’ लिहून मोकळा होणार नाही.

‘व्हॉट इफ’च्या मागे ‘विल’ लावायची सवय ताईला नव्हती. ती तिच्या शेजारच्या टेबलावरच्या मुलाला होती. “व्हॉट इफ इट विल रेन” असं तो लिहायचा. त्याला इंग्रजी नियम सांगावा लागला नाही. आपण तरी ‘पाऊस येईल तर’ म्हणतो का, एवढं विचारलं आणि तो हसला. त्याची दुसरी खोड जुनी आणि भारतभर पसरलेली आहे: “सपोज इफ”. ‘समजा’ आणि ‘तर’ मराठीत शेजारी नांदतात, म्हणून आपण इंग्रजीतही दोघांना एका घरात घालतो. तिथे दोघांचं काम एकच असल्याने एकाला बाहेर काढावं लागतं.

सपोज आणि सपोझिंग यांत काही निवडायचं आहे का, असं ताईने विचारलं. या कामापुरतं नाही. दोन्हींच्या मागे वर्तमानही येतं आणि भूतही, आणि अर्थातला फरक त्या रूपातूनच येतो. ‘सपोज’ सुचवण्यासाठी जास्त वापरतात, “सपोज वी कॉल देम अगेन” म्हणजे ‘त्यांना पुन्हा फोन करू या का’. इतकंच. व्हॉट इफ मात्र स्वतःच प्रश्न असतो, त्यामागे वेगळं उत्तर-वाक्य लागत नाही. आपल्या ‘आणि पाऊस आला तर?’ सारखाच तो हवेत सोडता येतो.

मग दुसरी चूक

कंटेनर अजून समुद्रावरच होता. दहा दिवसांनी आयातदाराचा मेल आला. मूळ कागदपत्रं त्याच्या हातात पडली नव्हती. त्याने लिहिलं होतं: “व्हॉट इफ द कुरिअर लेफ्ट देम अ‍ॅट अवर ओल्ड ऑफिस?”

ताईने नियम लावला. भूतकाळ आहे, म्हणजे कल्पना आहे, म्हणजे तो सहज म्हणतोय. तिने “होप नॉट” असं दोन शब्दांत उत्तर देऊन विषय सोडला. दोन दिवसांनी त्याने विचारलं, “मग तुम्ही कुरिअरकडे चौकशी केली का?” तो कल्पना करतच नव्हता. कुरिअरने खरंच जुन्या पत्त्यावर टपाल टाकलं असेल का, असं तो विचारत होता, आणि खरंच तसं झालं होतं. दोन दिवस वाया गेले. जहाज अजून लागलं नव्हतं म्हणून निभावलं.

इथे माझा नियम उघडा पडला. सपोज किंवा व्हॉट इफ यांच्यामागचं भूत रूप दोन वेगळी कामं करतं. बोलणं आजचं किंवा उद्याचं असेल तर ते अंतर दाखवतं. बोलणं खरोखर काल-परवाचं असेल तर ते साधा भूतकाळ असतं आणि गोष्ट अगदी खरी असू शकते, फक्त बोलणाऱ्याला ती माहीत नसते. मराठीत हे काम ‘टाकलं असेल तर’ करतं. ‘असता’ वेगळं आणि ‘असेल’ वेगळं, आपल्याकडे हा फरक एका शब्दाचा आहे आणि कुठलंही मूल तो चुकवत नाही. इंग्रजीत रूप एकच असल्याने तो फरक आजूबाजूच्या गोष्टींवरून काढावा लागतो.

आणि हे ‘लेफ्ट’सारख्या क्रियापदांत निदान दिसतं तरी. ‘कट’, ‘पुट’, ‘स्प्लिट’ यांचं वर्तमान आणि भूत रूप एकच. ताईच्या पहिल्या मेलमधलं ‘वी कट’ सुटं काढून दाखवलं तर ते जवळचं की दूरचं हे कुणालाच सांगता येणार नाही. तिथे शेजारच्या ‘रेन्ड’ने निकाल लावला होता.

मग आम्ही तिसऱ्या पर्यायाकडे परत आलो. वाचताना आधी विचारायचं: ही गोष्ट कधीची? काल-परवाची असेल तर मराठीत ‘असेल तर’ लावून बघायचं, आणि ते बसलं की ताबडतोब हालचाल करायची. उद्याची असेल आणि रूप भूत असेल तर समजायचं की समोरचा दुरून बोलतोय, एक तर कल्पना करतोय नाहीतर नरमाईने काही सुचवतोय. लिहिताना उलट दिशेने: मनात ‘आला तर’ आहे की ‘असता तर’? पहिलं असेल तर वर्तमान. हे जमायला ताईला तीन आठवडे लागले. एका संध्याकाळी होण्यासारखं नव्हतंच ते.

निकाल

माल पोहोचला, चांगल्या अवस्थेत पोहोचला, आणि तो दुकानसाखळीला न जाता घाऊक बाजारात कमी भावाने गेला. फरकाची रक्कम कुणी सोसायची यावर आठवडाभर मेल चालले. शेवटी आयातदाराने लिहिलं: “व्हॉट इफ वी स्प्लिट द डिफरन्स?”

ताईने तो मेल मला दाखवला. ती हसत होती, कारण क्रियापद नेमकं ‘स्प्लिट’ होतं. रूपावरून काहीच कळत नव्हतं. हा ठाम प्रस्ताव आहे की नुसता खडा टाकून बघणं? नानांचं मत, “हो म्हणून टाक, फसवायला बसला नाही तो.” ताईने मात्र अर्थ लावत बसण्याऐवजी एका ओळीत विचारलं की हा तुमचा प्रस्ताव समजायचा का, आणि असेल तर निम्मी रक्कम आम्ही पुढच्या बिलात वळती करतो. तासाभरात ‘येस’ आलं. निम्मा फटका नानांना बसला, निम्मा त्याला. पुढच्या हंगामात त्याने ऑर्डर दिली, पण सुरुवातीला एका कंटेनरऐवजी अर्ध्या मालाची.

वेगळं काय करता आलं असतं

सर्वांत स्वस्त संधी मंगळवारी होती. ‘वी वुड मॅनेज’ वाचल्यावर ताईने नानांकडे जाण्याआधी परत एक ओळ लिहिली असती, की मग पाऊस आला तर आम्ही १६ मिलिमीटर भरतो, ठीक ना, तर पुढचं काहीच घडलं नसतं. हातात बुधवारचा अख्खा दिवस होता. सभ्य उत्तराला होकार समजण्याची घाई झाली, आणि ती घाई व्याकरणाने दुरुस्त होणारी नाही.

दुसरी संधी शुक्रवारी सकाळी होती. पाऊस पडून गेला होता, म्हणजे ‘समजा’ संपलं होतं. तेव्हा ‘पाऊस आला, प्लॉट बदलतोय’ एवढं कळवायला हवं होतं. नानांच्या मते ते आधीच विचारून झालं होतं. घडण्याआधी विचारलेली गोष्ट घडल्यावर पुन्हा सांगायची असते, हे त्यांना अजूनही थोडं कमीपणाचं वाटतं.

माझ्याकडून झालेली चूक मी वर सांगितलीच आहे. अर्धा नियम दिला आणि त्याला मर्यादा जोडली नाही. पुन्हा अशी वेळ आली तर मी पहिल्याच दिवशी ‘आला तर’, ‘आला असेल तर’ आणि ‘आला असता तर’ ही तीन वाक्यं शेजारी लिहीन आणि इंग्रजीचा फळा त्यानंतर उघडेन. विद्यार्थ्याला हा फरक आधीच येत असतो, आम्हीच तो इंग्रजीतून नव्याने शिकवायला जातो.

एका गोष्टीवर मात्र ताईचं आणि माझं अजून जुळलेलं नाही. ती म्हणते, भूत रूप आता मेलमध्ये वापरायचंच नाही, उगाच जोखीम. माझं म्हणणं, भाव कमी करून मागायचा असेल किंवा तारीख पुढे ढकलायची असेल तेव्हा “व्हॉट इफ वी शिप्ड अ वीक लेटर” हेच शोभतं. आपणही मोठ्या माणसाला ‘आठ दिवसांनी पाठवलं तर?’ असंच विचारतो, ‘पाठवतो’ म्हणत नाही. या मार्चमध्ये तिला एक तारीख पुढे ढकलायची होती. तिने मला मेल दाखवला नाही, काय लिहिलं ते नंतर फोनवर सांगितलं. ‘शिप्ड’ लिहिलं होतं, आणि खाली एक स्वतंत्र ओळ: हा प्रस्ताव आहे, कृपया हो किंवा नाही कळवा.